दहा मिनिटांचे सहवाचन : वाचन मराठीत, बोलणे घरच्या भाषेत

आपल्या शाळेत सायंकाळी वंदना होते. मुले पाली गाथा खड्या आवाजात म्हणतात आणि हाती पुस्तिका दिली तर न अडखळता वाचूनही दाखवितात, कारण त्या गाथा देवनागरीत छापलेल्या असतात. नव्याने दाखल झालेल्या मुलाला मात्र त्या गाथेत काय सांगितले आहे असे विचारले, तर ते आपल्याकडे नुसते पाहत राहते. अक्षरे डोळ्यांतून ओठांवर आली, परंतु अर्थ मनापर्यंत पोहोचला नाही. पाली ही कोणाच्याच घरची भाषा नसल्यामुळे गाथेच्या बाबतीत ही गोष्ट चटकन ध्यानात येते आणि आम्ही अर्थ समजावून देतो. मराठी धड्याच्या बाबतीत मात्र ती ध्यानात येत नाही. मूल धडा घडाघडा वाचते, आपण समाधान पावतो, आणि त्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. उमरगा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. तेथील अनेक घरांत आईचे माहेर सीमेपलीकडचे आणि घरातील बोलणे कन्नडमध्ये असते. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. मुस्लिम कुटुंबांत दखनी आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होत असे. त्या काळी शिकलेल्या वडीलधाऱ्यांना उर्दूची लिपी मराठीहून सोपी वाटत असे. अशा घरांतील पालक सुटीपूर्वी मुलाला न्यायला येतात, तेव्हा आम्हांस हमखास विचारतात, "गुरुजी, घरी आमची भाषा बंद करून मराठीतच बोलू का?" काही ठिकाणी त्यांना तसा सल्लाही मिळालेला असतो. आमचे उत्तर स्पष्ट आहे. घरची भाषा बंद करू नये. रोज सायंकाळी दहा मिनिटे मुलासोबत मराठी पुस्तक घेऊन बसावे आणि त्या पुस्तकाविषयी घरच्या भाषेत बोलावे. हे कसे करावयाचे, ते या लेखात सांगत आहोत.

वाचनाचे दोन भाग

1986 मध्ये फिलिप गॉफ व विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाची एक सोपी मांडणी केली. त्यांच्या मते वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. पहिली गोष्ट अक्षरांवरून शब्द ओळखणे, दुसरी गोष्ट ती भाषा ऐकून समजणे. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही असली तरी उत्तर शून्यच येते. पाली गाथा वाचणाऱ्या मुलाचे नेमके असेच झालेले असते.

या दोन भागांपैकी पहिला भाग शाळेचा आहे. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे हे शिकविणे आमचे काम आहे आणि ज्या आईला मराठी अक्षर येत नाही, तिच्याकडून आम्ही त्याची अपेक्षा करीत नाही. दुसऱ्या भागात मात्र घराचा वाटा मोठा आहे. कारण कोण, कसे, का, नंतर काय झाले, त्याला काय वाटले असेल, हा विचार मूल ज्या भाषेत लहानपणापासून करीत आले, त्या भाषेत तो सहज होतो. एखाद्या प्रसंगाचे कारण कन्नडमध्ये उमगले की त्या समजुतीला मराठी शब्द चिकटविणे हे थोडे काम उरते. मुळात समजूतच नसेल तर नुसता शब्द कोठे चिकटणार? म्हणून घरची भाषा बंद केली, तर दुसरा भाग बळकट होण्याऐवजी दुबळा होतो. शिवाय जी मराठी आईला स्वतःलाच तोकडी येते, तीत ती मुलाशी चार शब्दच बोलेल. आपल्या भाषेत ती चाळीस बोलली असती.

पुस्तक कसे निवडावे

पुस्तक मुलाच्या इयत्तेचे असलेच पाहिजे असे नाही. मुलाला एक पान मोठ्याने वाचावयास सांगावे आणि जो शब्द वाचता येत नाही किंवा कळत नाही, त्याला एक बोट मिटावे. पान संपण्याच्या आत पाच बोटे मिटली, तर ते पुस्तक सध्या अवघड आहे असे समजून बाजूला ठेवावे. एकही बोट मिटले नाही तर पुस्तक सोपे आहे, तेही चालते. दोन-तीन बोटे मिटणारे पुस्तक दहा मिनिटांसाठी सर्वांत योग्य. चित्रे असावीत, कारण ज्या मोठ्या माणसाला अक्षर येत नाही, त्याला चित्रावरून बोलता येते.

सुटीवर जाताना प्रत्येक मुलाने शाळेच्या ग्रंथालयातून तीन पुस्तके न्यावीत. दिवाळीच्या सुटीला तेवढी पुरतात. बालभारती 1971 पासून 'किशोर' मासिक प्रकाशित करीत आहे. त्याचा जुना अंकही चालतो. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. घरी मोबाइल असेल तर प्रथम बुक्सच्या storyweaver.org.in या संकेतस्थळावर अनेक चित्रकथा एकापेक्षा अधिक भाषांत विनामूल्य मिळतात. मराठी, कन्नड किंवा उर्दू अशा दोन भाषांत तीच गोष्ट सापडली, तर एक आईने वाचावी आणि एक मुलाने. मात्र मोबाइलवर वाचावयाचे असेल तर गोष्ट आधीच उतरवून ठेवावी, अन्यथा दहा मिनिटे शोधण्यातच जातात.

एक घर, तीन सायंकाळी

आता उमरगा तालुक्यातील एक घर डोळ्यांसमोर आणू. मुलगी चौथीत आहे आणि दिवाळीच्या सुटीसाठी घरी आली आहे. आईचे माहेर आळंद तालुक्यातले. ती कन्नड शाळेत पाचवीपर्यंत शिकली, मराठी समजते पण वाचता येत नाही. वडील मराठी बोलतात. परंतु ते उशिरा घरी येतात. धाकटा भाऊ पहिलीत आहे. आजी कोणतीही लिपी जाणत नाही. आपल्या भागात असे घर विरळा नाही. मुलीच्या पुस्तकात पुढील मजकूर आहे असे समजू :

"आजीने घागर विहिरीत सोडली. दोर जुना होता. तो मध्येच तुटला. घागर खाली गेली. आजी काठावर बसून राहिली. मग तिने हाक मारली. शेजारची मुले गळ घेऊन धावत आली."

पहिल्या सायंकाळी पुस्तक लगेच वाचू नये. दोन मिनिटे सर्वांनी चित्र पाहावे. आई कन्नडमध्ये विचारते, हे काय? मुलगी सांगते, बावि. आई म्हणते, तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतात? मुलगी शब्द शोधून त्यावर बोट ठेवते, "विहीर." याच रीतीने घागर म्हणजे कोड आणि दोर म्हणजे हग्ग, एवढे तीन शब्द होतात. एका सायंकाळी तीनच नवे शब्द घ्यावेत; त्याहून अधिक घेतले तर तो शब्दांचा तास होतो आणि गोष्ट बाजूला राहते. मग मुलगी पाच मिनिटे वाचते. आईला अक्षरे येत नसली तरी ती मुलीचे बोट ओळीवर कसे सरकते हे पाहू शकते. उरलेल्या तीन मिनिटांत पुस्तक मिटून आई दोनच प्रश्न विचारते : "याके?" म्हणजे का, आणि "मुंदे एनु?" म्हणजे पुढे काय.

या दोन प्रश्नांची निवड आम्ही विचारपूर्वक केली आहे. आजीने विहिरीत काय सोडले, असा प्रश्न विचारला तर मुलगी पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे परत देईल आणि तिला ते कळले की नाही, हे समजणार नाही. दोर का तुटला, असे विचारले की तिला दोन वाक्ये जोडावी लागतात, कारण "म्हणून" हा शब्द पुस्तकात कोठेच नाही. आजी काठावर का बसून राहिली, याचे उत्तर तर पुस्तकात मुळीच नाही. ते तिला स्वतःच्या अनुभवातून आणावे लागते. ती म्हणेल, अज्जी दमली असेल. धाकटा म्हणेल, रडत असेल. आजी स्वतः म्हणेल, घागर तांब्याची असेल, घरी काय सांगायचे या काळजीने बसली असेल. हे तिसरे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडावयाचे नाही, आणि ते देणाऱ्या बाईला एक अक्षरही येत नाही.

दुसऱ्या सायंकाळी तोच मजकूर पुन्हा वाचावा. मुले पुनरावृत्तीला कंटाळतील असे मोठ्यांना वाटते. परंतु दुसऱ्या वेळी शब्द ओळखण्यात कमी शक्ती जाते आणि तेवढे लक्ष अर्थाकडे वळते. या वेळी मुलीने जे उत्तर दिले, ते आईने थोडे वाढवून परत द्यावे. मुलगी म्हणाली, "हग्ग तुटला." आई म्हणते, "होय, हग्ग जुना होता, भार सोसला नाही, म्हणून तुटला," आणि मुलीकडून ते पूर्ण वाक्य वदवून घेते. यात कन्नड व मराठी मिसळली तरी बिघडत नाही. 1988 मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशीच रीत शिकविली : उत्तर एका शब्दात संपणार नाही असा प्रश्न विचारावा आणि मुलाचे उत्तर वाढवून द्यावे. ज्या घरांत तेवढेच वाचन जुन्या पद्धतीने चालू राहिले, त्या घरांतील मुलांपेक्षा ही मुले महिनाभरातच बोलण्यात पुढे गेलेली आढळली. ती मुले अधिक लहान होती आणि पालक साक्षर होते, हे खरे; तथापि प्रश्न विचारून उत्तर वाढविण्यासाठी अक्षर लागत नाही.

तिसऱ्या सायंकाळी पुस्तक आधी मिटलेलेच ठेवावे. मुलीने संपूर्ण गोष्ट आजीला कन्नडमध्ये सांगावी, आणि मग पुस्तक उघडून एकदा मराठीत वाचावी. सांगताना एखादा टप्पा गळला, उदाहरणार्थ हाक मारल्याचे तिने सांगितलेच नाही, तर मुले आपोआप कशी आली, असे आजी विचारील. सांगणे गोष्टीच्या क्रमाने आले, कारणे जुळली, की वाचन समजले असे निश्चित मानावे. वडील घरी असतील त्या दिवशी तीच गोष्ट त्यांना मराठीत सांगावी. एकाच गोष्टीला अशी दोन भाषांची वाट मिळते.

वाक्यागणिक भाषांतर मात्र करू नये. प्रत्येक वाक्य वाचून लगेच त्याचे कन्नड सांगितले, तर मूल मराठीकडे लक्ष देण्याचे सोडून देते. पुढे कन्नड येणारच आहे, हे त्याला ठाऊक असते. पान पूर्ण होऊ द्यावे, नंतर बोलावे.

चूक कोणती आणि उच्चार कोणता

बहुभाषिक घरात सर्वांत अधिक गोंधळ येथे होतो. बोलीभाषेतील कन्नडात महाप्राण उच्चार क्षीण असतात, म्हणून कन्नडभाषक मूल "घागर" पाहून "गागर" म्हणते आणि "भाकर" पाहून "बाकर". त्याने अक्षर बरोबर ओळखले आहे, अर्थही बरोबर आहे. केवळ जिभेचे वळण निराळे आहे. दखनी बोलणारे मूल "केळी" या शब्दाचा उच्चार "केली" असा करते, तेही याच प्रकारचे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सर्व नपुंसकलिंगी असल्यामुळे मूल गोष्ट सांगताना "ते घागर, ते दोर" म्हणते. या ठिकाणी वाचन थांबवू नये. आपण उत्तर देताना "होय, ती घागर" असे म्हणावे, एवढे पुरे आहे.

परंतु "दोर" या जागी "दार" वाचले, तर ती वाचनाची चूक होय, कारण अर्थ बदलला. तेव्हाही शब्द झटकन सांगू नये. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे. अनेकदा "दार जुना होता" हे कानाला खटकून मूल स्वतःच मागे वळते, आणि असे मागे वळणे हेच ते अर्थाकडे लक्ष देऊन वाचीत असल्याचे लक्षण आहे. ते वळले नाही तर एवढेच विचारावे, विहिरीत दार कोठून आले? मग त्याने पुन्हा पाहावे. तरीही जमले नाही तर शब्द सांगून पुढे जावे. ज्या पालकास मराठी वाचता येत नाही, त्यालाही ही चूक पकडता येते, कारण ती कानाने कळते.

जिथे पुस्तकच नाही अशी भाषा

गोरमाटी बोलणाऱ्या घरांची अडचण आणखी वेगळी आहे. कन्नड किंवा उर्दू पुस्तक शोधले तर मिळते; गोरमाटीत मुलांसाठी छापलेले पुस्तक सहसा हाती लागत नाही. या भाषेला स्वतःची लिपी नाही आणि आपल्याकडे ती देवनागरीत लिहिली जाते. यातूनच एक चांगला मार्ग निघतो. आठवड्यातील एका सायंकाळी याडीने एक छोटी गोष्ट सांगावी. मग ती तिच्या लहानपणाची असो, तांड्याची असो वा ऊसतोडीच्या मुक्कामातली असो. मुलाने त्यातील पाच-सहा वाक्ये, ती जशी बोलली तशीच, गोरमाटीत वहीत उतरून घ्यावीत. शुद्धलेखनाची चिंता करू नये. जसे ऐकू आले तसे लिहावे. दुसऱ्या सायंकाळी ती वही हेच पुस्तक. येथे प्रत्येक शब्द मुलाच्या ओळखीचा असतो, त्यामुळे अक्षरावरून शब्द ओळखण्याचा सराव अर्थाचा अडथळा न येता होतो. तिसऱ्या सायंकाळी त्याच गोष्टीचे मराठी रूप समोरच्या पानावर लिहावे. सुटीनंतर अशी वही शाळेत आणावी. आम्ही ती वर्गात वाचून घेऊ.

ज्या भाषेविषयी मुलाला चारचौघांत संकोच वाटतो, ती आपल्याच अक्षरांत कागदावर उतरलेली पाहून तो संकोच कमी होतो. वसतिगृहात राहणारी काही मुले आईचा फोन आला की मित्रांसमोर आपल्या भाषेत बोलण्याचे टाळतात. घरच्या भाषेवर बंदी घालण्याचा सल्ला त्या संकोचावर मान्यतेची मोहोर उठवितो, आणि मूल व त्याची याडी यांच्यात बोलण्याचे विषय हळूहळू कमी होऊ लागतात. मराठी सुधारावी म्हणून आईशी बोलणे कमी व्हावे, हा सौदा कोणत्याही पालकाने करू नये.

या दहा मिनिटांची मर्यादा

हा उपाय सर्व अडचणींवर चालत नाही. असर या राष्ट्रीय पाहणीत मुलाचे वाचन क्रमाक्रमाने तपासतात : आधी अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरीही याच क्रमाने पाहता येते. तिसरीतील मूल सुटे शब्दच वाचू शकत असेल आणि परिच्छेदावर अडत असेल, तर त्याला गोष्टीविषयीच्या गप्पांबरोबर अक्षरांचा स्वतंत्र सरावही हवा आणि तो शाळेने द्यावयास हवा. काही मुले गोष्ट ऐकून पाठ करतात आणि वाचल्यासारखे दाखवितात. त्यांची परीक्षा सोपी आहे : पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून तो विचारावा. पाठ केलेल्या मुलास पहिल्या शब्दापासून सुरुवात केल्याशिवाय तो सांगता येत नाही. असे आढळल्यास आम्हांस कळवावे. मूल पुस्तक नाकाजवळ नेत असेल किंवा ओळ वारंवार सुटत असेल, तर प्रथम डोळे तपासून घ्यावेत.

इंग्रजीचे पुस्तक या दहा मिनिटांत आणू नये. मराठीत लिहिले तसे बहुतांशी वाचले जाते. इंग्रजीत तीच मधली खूण असूनही एक शब्द "पुट" आणि दुसरा "बट" असा उच्चारला जातो. तिचा सराव निराळ्या वेळी व्हावा. हिंदीची लिपी तीच असल्यामुळे, मराठी परिच्छेद सहज वाचणाऱ्या मुलाला हिंदी गोष्ट द्यावयास हरकत नाही.

वेळ ठरलेली असावी. जेवणानंतर झोपेपूर्वी बहुतेक घरांत जमते. त्या वेळी दूरदर्शन बंद असावा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे बसवू नये. दहाच मिनिटे बसावे. मूल ऐन गमतीत असताना वेळ संपली, तर पुस्तक तेथेच मिटावे, म्हणजे उद्या ते स्वतःच घेऊन येईल. दिवाळीनंतर जे पालक ऊसतोडीला बाहेरगावी जातात, त्यांनी फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न आपल्या भाषेत विचारावा : या आठवड्यात कोणती गोष्ट वाचलीस, आणि त्यात पुढे काय झाले?

विनयपिटकातील चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या दोन भिक्खूंची कथा आहे. निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलण्यात बुद्धवचन बिघडवितात, म्हणून ते छंदस् भाषेत बसवावे, अशी विनंती त्यांनी केली. तथागतांनी ती नाकारली आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्यास अनुमती दिली, असा त्या वचनाचा अर्थ पुष्कळ अभ्यासक करतात. दिवाळीच्या सुटीसाठी मुले घरी येतील तेव्हा त्यांच्या पिशवीत ग्रंथालयाची तीन पुस्तके आणि एक कोरी वही असेल. पुस्तके सुटीनंतर परत करावयाची आहेत. वही मात्र भरून आणावी.